चौथ्या मिनिटाला किती जण उरतात?

“नमस्कार. माझ्या यूट्यूब चॅनेलचे सबस्क्रायबर 6,240 आहेत. आकडा लहान आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकते. माझ्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत चौथ्या मिनिटालाही निम्म्याहून जास्त प्रेक्षक टिकून असतात. तुमची मोटर मला तिथेच दाखवायची आहे.”

ब्लाउज शिवायला शिकवणारी एक बाई शिलाई मशीनच्या मोटरी विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहितेय, त्याची ही सुरुवात. बाई सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, अस्तर लावायची पद्धत, 38 छातीला मुंढा किती घ्यायचा, हे तिच्या व्हिडिओंचे विषय. बाई, कंपनी आणि त्यांचे आकडे इथे नमुन्यादाखल रचलेले आहेत. पण ते आकडे ज्या तक्त्यांतून येतात ते तक्ते, आणि ते वाचताना होणाऱ्या चुका, चॅनेल चालवणाऱ्या कुणालाही आपल्या मोबाइलवर सापडतील.

अशी पत्रं सहसा उलट्या टोकाने लिहिली जातात. “आमचे इतके हजार सबस्क्रायबर आहेत, आम्ही तुमच्या प्रॉडक्टचं प्रमोशन करू इच्छितो, रेट कळवा.” ज्याच्याकडे दोन लाख आहेत त्याला हे पत्र शोभतं. सहा हजारवाल्याने तेच लिहिलं, तर कंपनीतला माणूस पहिल्या ओळीवरच थांबतो. फार झालं तर उत्तर येतं, “मोटर पाठवतो, व्हिडिओ करा.” पैशांचं नावही निघत नाही.

सबस्क्रायबरचा आकडा खोटा असतो असं नाही, पण तो जुना असतो. चार वर्षांपूर्वी कुणी बटण दाबलं, नंतर शिवणकाम सोडलं, फोन बदलला, तरी मोजणीत तो माणूस राहतोच. शिवाय सबस्क्राइब केलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात प्रत्येक नवा व्हिडिओ येतोच असंही नाही. समोर काय मांडायचं हे यूट्यूब त्या माणसाच्या अलीकडच्या बघण्यावरून ठरवतं. 2012 सालीच यूट्यूबने शिफारशी करताना निव्वळ व्ह्यूजपेक्षा बघण्याच्या वेळेला जास्त वजन द्यायला सुरुवात केली होती. 2018 च्या डिसेंबरमध्ये बनावट सबस्क्रायबर मोठ्या प्रमाणावर काढून टाकले गेले आणि काही चॅनेलांचे आकडे रातोरात खाली आले. 2019 पासून तर हजारावरच्या चॅनेलचा नेमका आकडा बाहेरच्यांना दिसतच नाही, गोळाबेरीज दिसते. ज्या यूट्यूबने हा आकडा जन्माला घातला त्यानेच त्याचं वजन कमी करत आणलं. जाहिरात देणाऱ्यांच्या टेबलावर मात्र तो अजून पहिल्या रकान्यात बसलेला असतो.

मोठा आकडा म्हणजे मोठी विक्री नव्हे, याचं एक गाजलेलं उदाहरण 2019 सालचं आहे. अमेरिकेतल्या एका इन्स्टाग्राम तारकेला वीस लाखांहून जास्त फॉलोअर होते. तिने कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढायचं ठरवलं. पहिली खेप छापण्यासाठी कंपनीची अट होती 36 टी-शर्ट विकले जाण्याची. तेवढेही गेले नाहीत, आणि हे तिने स्वतःच जाहीर लिहिलं. तिचे फॉलोअर बनावट होते असं म्हणायला आधार नाही. त्यांना तिचे फोटो बघायचे होते, टी-शर्ट घ्यायचे नव्हते, एवढंच.

शिवणकामाच्या चॅनेलकडे पुन्हा वळू. पत्रात काय घालायचं हे ठरवण्याआधी बाईने एक वही घेतली आणि शेवटच्या बारा व्हिडिओंचे आकडे उतरवले. उतरवताना तिने एक पथ्य पाळलं: प्रत्येक व्हिडिओचे फक्त पहिल्या तीस दिवसांचे व्ह्यूज घ्यायचे. नाहीतर सहा महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ आणि मागच्या आठवड्यातला व्हिडिओ एकाच मापाने मोजले जातात आणि जुना उगाच मोठा दिसतो. बारा व्हिडिओंची बेरीज झाली 85,800, म्हणजे सरासरी 7,150. पत्रात टाकायला झकास आकडा.

तिने तो टाकला नाही. कारण त्या बारांतल्या एकाच व्हिडिओला 42,000 व्ह्यूज होते. लग्नसराईच्या तोंडावर टाकलेला, पैठणीवरच्या ब्लाउजच्या मागच्या गळ्याचा तो व्हिडिओ. तो बघायला आलेल्या बहुतेक जणी गळ्याचं डिझाइन बघून निघून गेल्या. उरलेल्या अकरांत सर्वांत कमी 2,600 आणि सर्वांत जास्त 5,900. हे अकरा आकडे चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधला येतो 3,900. पत्रात हाच मधला आकडा गेला, आणि 42,000 वाल्याचा उल्लेख वेगळ्या ओळीत: “असा एक व्हिडिओ झाला, पण तसा पुन्हा होईल असं मी धरत नाही.”

ही ओळ वाचणाऱ्यावर काम करते. जाहिरातीचा हिशेब बघणाऱ्या माणसाला सरासरी फुगवून मिळायची सवय असते, आणि चॅनेल उघडून तो दोन मिनिटांत ते ताडतोही. त्याच्याआधी आपणच सांगितलं, तर पुढचे आकडे तो कमी संशयाने वाचतो.

शॉर्ट्सचे व्ह्यूज तिने या मोजणीत धरलेच नाहीत, आणि त्यालाही कारण आहे. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या व्ह्यूची व्याख्या बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जातो, किती सेकंद बघितला याची अट नाही. अंगठ्याने वर सरकवत जाणाऱ्याच्या पडद्यावर क्षणभर आलेलाही मोजला जातो. जुन्या पद्धतीची मोजणी स्टुडिओत वेगळ्या नावाने शिल्लक आहे, आणि शॉर्ट्सच्या कमाईचा हिशेब तिच्यावरच चालतो. त्यामुळे कुणी शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओंचे व्ह्यूज एकत्र करून आकडा देत असेल, तर कंपनीने तिथेच थांबून विचारावं.

आता पत्राच्या गाभ्याकडे. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओसाठी एक आलेख असतो, ऑडियन्स रिटेन्शनचा. व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती टक्के बघणारे उरले आहेत, ते तो दाखवतो. बहुतेक आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून पडल्यासारखे खाली येतात आणि मग हळूहळू उतरत जातात. या बाईच्या आलेखात तिसऱ्या मिनिटाच्या आसपास मात्र एक उंचवटा दिसतो, आणि तो प्रत्येक व्हिडिओत कमीअधिक असतोच. तिथे ती कागदावर मुंढ्याचा गोल आखते. बघणाऱ्या बायका तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा बघतात, म्हणून रेघ वर जाते. चौथ्या मिनिटाला, कापड मशीनखाली जातं तेव्हा, आलेख 55 टक्क्यांवर असतो. 3,900 चे 55 टक्के म्हणजे 2,145.

हा आकडा माणसांचा नाही, व्ह्यूजचा आहे. एकच बाई दोनदा बघत असेल तर ती दोनदा मोजली जाते. स्टुडिओत वेगळे प्रेक्षक किती, हेही मिळतं; इथे ते साधारण 2,700 होते. पत्रात तिने दोन्ही दिले. पहिला मोठा दिसतो म्हणून फक्त तोच देणं सोपं होतं, पण “2,145 लोक” असं लिहिलं असतं तर ते चुकीचं झालं असतं आणि आकड्यांतल्या जाणत्याने पकडलंही असतं.

मोटर दाखवायची जागा तिने आलेख बघूनच निवडली. जाहिरात सुरुवातीलाच घातली तर जास्त डोळ्यांसमोर येते हे खरं, पण शिवण शिकायला आलेली बाई त्या क्षणी कंटाळून निघून जाण्याचीही शक्यता तिथेच सर्वांत जास्त. चौथ्या मिनिटाला उरलेली बाई ब्लाउज पुरा करायच्या तयारीने बसलेली आहे. तिच्यासमोर मशीन चालू होतं, मोटरचा आवाज ऐकू येतो, पायाखालचा कंट्रोलर दिसतो. वेगळं वर्णन करायची फारशी गरजच उरत नाही.

शेजारी एक मोठं चॅनेल ठेवून बघा. समजा, दोन लाख सबस्क्रायबरांचं घरगुती गप्पांचं व्लॉग चॅनेल आहे. त्याच्या व्हिडिओंचा मधला आकडा 9,000 व्ह्यूज, आणि चौथ्या मिनिटाला 20 टक्के उरतात. म्हणजे 1,800. त्यांचा दर 25,000 रुपये असेल, तर त्या क्षणी बघणाऱ्या एका व्ह्यूला जवळपास 14 रुपये पडले. आपल्या बाईने मागितलेत 4,000 रुपये. तिच्याकडे तोच हिशेब 1 रुपया 86 पैशांवर येतो. मोठं चॅनेल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. साबणाची वडी किंवा चहा विकायचा असेल, तर त्या 1,800 मधला प्रत्येक जण गिऱ्हाईक आहे. शिलाई मशीनच्या मोटरीला मात्र घरात मशीन असलेलीच बाई लागते.

ती बाई तिथे आहे, हे कशावरून? कॉमेंटवरून. आणि पत्रातला सर्वांत कष्टाचा भाग हाच, कारण तो कुठल्या तक्त्यात आयता मिळत नाही.

त्या अकरा व्हिडिओंखाली मिळून 1,062 कॉमेंट होत्या. यूट्यूब दाखवतं त्या संख्येत चॅनेलवाल्याने स्वतः दिलेली उत्तरंही धरलेली असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाई प्रत्येकीला उत्तर द्यायचा प्रयत्न करते, त्यामुळे 402 कॉमेंट तिच्याच निघाल्या. त्या वजा जाता उरल्या 660. त्या तिने दोन संध्याकाळी बसून वाचल्या आणि वहीत रेघा मारत वाटल्या. नुसत्या “छान ताई”, फुलं आणि हात जोडलेल्या खुणा एकीकडे. मापाचे प्रश्न दुसरीकडे. आणि काहीतरी विकत घेण्याबद्दलचे तिसरीकडे: कात्री कुठली, अस्तराचं कापड कुठून आणता, मशीन कोणतं घेऊ. हे तिसऱ्या ढिगातले निघाले 84. त्यांतले 31 मोटरीबद्दल होते. “ताई, तुमच्या मशीनचा आवाज कमी येतो, मोटर कुठली आहे?” “पायडलने गुडघे दुखतात, मोटर बसवायला किती खर्च येईल?” “माझी मोटर अर्ध्या तासात तापते, असं का होतं?” अशा पाच कॉमेंट तिने नावं झाकून पत्राला जोडल्या.

माझ्या मते या पाच कॉमेंट पत्रातल्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा जड आहेत. लाइक हा शिष्टाचार असतो. भाचा, जाऊ, शेजारीण सगळे करतात. मोटर तापते ही तक्रार मात्र कुणी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

टक्केवारीत एक गोम आहे, तीही सांगायला हवी. ‘एंगेजमेंट रेट’ या नावाखाली जो तो आपल्या सोयीचा भागाकार करतो. या बाईच्या एका सर्वसाधारण व्हिडिओला 265 लाइक, 60 कॉमेंट आणि 75 शेअर, मिळून 400 प्रतिसाद आले. त्यांना 3,900 व्ह्यूजने भागलं तर 10.3 टक्के. 6,240 सबस्क्रायबरांनी भागलं तर 6.4 टक्के. दोन्ही बरोबर, पण खाली काय ठेवून भागलं हे सांगितलं नाही तर दोन्ही निरर्थक. तिने लिहिलं, “दर 100 व्ह्यूजमागे सुमारे 10 प्रतिसाद.” एवढं पुरे. आणि लहान चॅनेलची टक्केवारी चांगली दिसतेच, कारण बघणारे थोडे आणि ओळखीचे असतात. कंपनीतला माणूस हे जाणून असतो, म्हणून नुसत्या टक्केवारीवर पत्र उभं करू नये.

दुसरी शंका बनावटपणाची. “तुम्ही माझं करा, मी तुमचं करते” अशा सबस्क्राइबच्या अदलाबदलीचे गट चालतात, पैसे देऊन लाइकही मिळतात. 2020 च्या जुलैत मुंबई पोलिसांनी बनावट फॉलोअर विकणाऱ्यांचा तपास हाती घेतला होता. यूट्यूबच्या नियमांत सबस्क्राइबची अदलाबदल बसत नाही, पण नियमाने ती थांबलेली नाही. विकत घेतलेला सबस्क्रायबर ओळखायला आलेखच कामी येतो: आकडा फुगतो, पण चौथ्या मिनिटापर्यंत कुणी बसत नाही, आणि कॉमेंटमध्ये मुंढ्याचा प्रश्न येत नाही.

पण आलेखाचा स्क्रीनशॉटही खोटा करता येतो. इमेजमधला 5 चा 8 करायला किती वेळ लागतो! यावर पत्रात एक ओळ होती, जी फार थोड्या चॅनेलवाल्यांना सुचते. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या माणसाला ठरावीक अधिकारांनी आत घेता येतं. त्यातला Viewer (limited) हा अधिकार दिला, तर समोरच्याला आकडे बघता येतात, पण काही बदलता येत नाही आणि कमाईही दिसत नाही. “तुमच्या ईमेलवर आठ दिवसांसाठी हा अधिकार देते, स्वतः बघून घ्या.” हे वाक्य लिहिल्यावर खोटेपणाचा प्रश्न जवळपास मिटतो. पासवर्ड मात्र कुणाला द्यायचा नाही, कंपनीच्या नावाने कुणी कितीही अधिकाराने मागितला तरी. पासवर्ड दिल्यावर अख्खं चॅनेल हातचं जाऊ शकतं.

आता पैशांकडे. इथे बहुतेक पत्रं गडबडतात, कारण लिहिणारा स्वतःच्या मेहनतीवरून दर सांगतो आणि वाचणारा स्वतःच्या नफ्यावरून तो तोलतो. बाईने मागितले 4,000 रुपये ठोक आणि तिच्या कूपनवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटरीमागे 100 रुपये. कंपनीच्या बाजूने बघू. समजा, एका मोटरीमागे कंपनीला 400 रुपये सुटतात. बाईचे 100 गेले, उरले 300. चार हजार भरून काढायला 14 मोटरी विकल्या पाहिजेत. 2,145 व्ह्यूजमधून 14 विक्री म्हणजे दर हजारी साडेसहा. वाटतं तितकं हे सोपं नाही. महिनाभरात एवढं होईलच असं सांगणारा चॅनेलवाला थापा मारतोय.

बाईने ते सांगितलं नाही. तिने वेगळी गोष्ट पुढे केली. तिच्या व्हिडिओंचे 44 टक्के व्ह्यूज यूट्यूबच्या शोधातून येतात. बायका “प्रिन्सेस कट ब्लाउज कटिंग” असं टाइप करतात आणि व्हिडिओ सापडतो. त्यामुळे वर्षभर जुना व्हिडिओही महिन्याला सातशेच्या आसपास बघितला जातो. पुढच्या अकरा महिन्यांचे 7,700 व्ह्यूज धरले आणि चौथ्या मिनिटाचे 55 टक्के काढले, तर आणखी 4,235 होतात. वर्षाचे मिळून 6,380. आता त्याच 14 मोटरींसाठी दर हजारी दोनाच्या थोडं वर विक्री पुरते. बातम्यांच्या किंवा व्लॉगच्या चॅनेलला हा युक्तिवाद करता येणार नाही, त्यांचा व्हिडिओ आठवड्यात शिळा होतो. मुंढ्याचं माप शिळं होत नाही. अर्थात कंपनीने वर्षाच्या आत मोटरीचं मॉडेल बंद केलं तर हा हिशेब कोसळतो, म्हणून “हे मॉडेल वर्षभर मिळणार का” हा प्रश्न तिने पत्रातच विचारून ठेवला.

विक्री कुठून आली हे कळावं म्हणून व्हिडिओखाली जी लिंक द्यायची, तिचा नमुनाही जोडला होता. कंपनीच्या पानाच्या पत्त्याला शेपूट जोडायची, की त्या लिंकवरून आलेली माणसं कंपनीच्या वेबसाइटच्या हिशेबात वेगळी दिसतात:

```
?utm_source=youtube&utm_medium=video&utm_campaign=blouse_motor
```

शेवटी एक अट होती, आणि ती बाईची स्वतःची होती. जाहिरातीचा भाग चालू असेपर्यंत पडद्यावर ‘जाहिरात’ असं लिहिलेलं राहील. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय हिने इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, ते 14 जून 2021 पासून लागू आहेत. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत, ज्या भागात वस्तूचं नाव किंवा गुण सांगितले जातात त्या पूर्ण भागावर अशी खूण हवी, असं त्यात आहे. खूण जाहिरातीच्या भाषेत चालते, म्हणजे मराठी व्हिडिओत मराठी शब्द पुरतो. काही कंपन्या “ते लिहू नका, सहज वापरतेय असं दाखवा” असं सुचवतात. अट आधीच पत्रात असली की हा संवाद टळतो. फुकट वस्तू घेऊनही ही जबाबदारी सुटत नाही, कारण भेट मिळालेली वस्तूही नियमाच्या दृष्टीने मोबदलाच आहे. वस्तू भारी असेल तर करही येतो: जुलै 2022 पासून, वर्षाला 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या अशा लाभांवर 10 टक्के टीडीएसची तरतूद लागू झाली. एक मोटर त्या मर्यादेच्या बरीच खाली राहते, अख्खं इंडस्ट्रियल मशीन आलं तर प्रश्न उभा राहतो.

एवढं करूनही एक भोक राहतंच, आणि ते लिंकने किंवा कूपनने बुजत नाही. तालुक्याच्या गावातली बाई मोटर ऑनलाइन मागवेलच असं नाही. ती बाजारपेठेतल्या मशीनच्या दुकानात जाते, फोनवरचा व्हिडिओ दाखवते आणि म्हणते, “ही द्या.” दुकानदार मोटर काढतो, मेकॅनिक घरी येऊन पट्टा बसवून देतो, आणि कूपनच्या हिशेबात ही विक्री शून्य धरली जाते. हे ओळखून पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात बाईने सुचवलं होतं की, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या कंपनीच्या विक्रेत्यांनी 45 दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला “मोटर कुठे पाहिलीत?” एवढं विचारून बिलाच्या मागे लिहून ठेवावं. त्याआधीच्या 45 दिवसांत त्याच दुकानांतून किती मोटरी गेल्या, तो आकडा कंपनीने काढून ठेवावा. कूपनची विक्री, बिलांमागच्या नोंदी आणि दुकानांच्या विक्रीतला फरक, तिन्ही शेजारी ठेवून दुसऱ्या व्हिडिओचा दर ठरवायचा. परत आलेल्या मोटरी तिन्हीतून वजा करायच्या, आणि तिच्या 100 रुपयांतूनही, असं तिने कंसात लिहिलं होतं.